‘मी चालवतो, तू दुरुस्त कर’: टीपीएममधली स्वायत्त देखभाल आली कुठून आणि छोट्या कारखान्यात अडते कुठे



टीपीएम, म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, शिकताना आपल्याला सगळ्यात आधी आठ खांबांचं चित्र दाखवतात. वर छप्पर, खाली फाइव्ह-एसचा पाया आणि मधे आठ खांब. परीक्षेसाठी ते पाठ होतं, पण त्या चित्रात काळ दिसत नाही. कोणता खांब कोणत्या अडचणीतून उभा राहिला हे त्यातून कळत नाही, आणि संशोधनाला बसलं की नेमकं तेच लागतं. म्हणून आज फक्त एकाच खांबाचा इतिहास बघू: स्वायत्त देखभाल, जपानीत जिशु होझेन. ‘होझेन’ म्हणजे देखभाल, आणि ‘जिशु’ म्हणजे कुणी सांगितलं म्हणून नव्हे तर स्वतःहून केलेलं.

देखभाल खातं वेगळं कसं झालं

यंत्र बंद पडलं की दुरुस्त करायचं, ही सगळ्यात जुनी पद्धत. बंद पडायच्या आधीच ठरावीक मुदतीने तपासायचं आणि सुटे भाग बदलायचे, ही प्रतिबंधक देखभाल जपानमध्ये अमेरिकेतून आली. तिथे ती आधी स्वीकारणारी कंपनी म्हणून तेल शुद्धीकरणातल्या तोआ नेन्र्यो कोग्योचं नाव घेतलं जातं, साल 1951. पुढे 1954 च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमधून ‘उत्पादक देखभाल’ ही कल्पना पुढे आली. देखभालीवर होणारा खर्च आणि त्यातून वाचणारं नुकसान यांचा मेळ घालायचा, असा तिचा रोख होता.

या अमेरिकी पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती: देखभाल हे तज्ज्ञांचं काम. त्यामुळे कारखान्यात दोन गट पडले. एक यंत्र चालवणारा, दुसरा यंत्र सांभाळणारा. आपल्या शीर्षकातलं वाक्य याच वाटणीतून आलेलं आहे. वाटणी तशी चुकीची नव्हती. मोजकी मोठी यंत्रं आणि पुरेसे फिटर असतील तर ती चालते.

अडचण आली ती जपानमधल्या निप्पॉनडेन्सोत. ही टोयोटापासून 1949 साली वेगळी झालेली, मोटारींचे विद्युत भाग बनवणारी कंपनी. आज आपण तिला डेन्सो म्हणून ओळखतो. 1960 च्या दशकात तिथे स्वयंचलित यंत्रं झपाट्याने वाढली. यंत्रं वाढली की देखभालीचं कामही वाढतं, पण त्याच वेगाने देखभाल कामगार काही वाढवता येत नाहीत. तेव्हा ठरलं की साफसफाई, तेल देणं, बोल्ट कसणं, रोजची पाहणी ही नेहमीची कामं यंत्र चालवणाऱ्यानेच करायची. देखभाल खात्याने अवघड दुरुस्त्या आणि यंत्रात सुधारणा यांकडे वळायचं. 1969 साली हे काम सुरू झालं आणि 1971 साली कंपनीला त्यासाठी पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी जपानच्या प्लांट इंजिनिअर्स संस्थेने टीपीएमची व्याख्या मांडली. या सगळ्या मांडणीमागचं मोठं नाव म्हणजे सेइइची नाकाजिमा.

आता इथे थोडं थांबूया. त्या व्याख्येत ‘सर्वांचा सहभाग’ आणि ‘छोट्या गटांचं काम’ हे दोन्ही मुद्दे आहेत. छोटे गट आयत्या वेळी जन्माला घातलेले नव्हते. जपानी कारखान्यांत गुणवत्ता मंडळं 1962 पासूनच सुरू झाली होती. शिवाय मोठ्या जपानी कंपन्यांत कायम कामगार वर्षानुवर्षं त्याच कंपनीत राहायचा. म्हणजे आज त्याला यंत्र शिकवायला घातलेला वेळ पुढची कित्येक वर्षं कंपनीलाच परत मिळणार होता. पाठ्यपुस्तकातल्या खांबाच्या चित्रात ही जमीन दाखवलेली नसते.

सात पायऱ्या, आणि त्यांचा क्रम

स्वायत्त देखभालीच्या सात पायऱ्या आहेत: पहिली सफाई, घाणीचं मूळ आणि हात न पोचणाऱ्या जागा यांवर उपाय, सफाई आणि तेल-वंगणाचे तात्पुरते नियम, यंत्राच्या सर्व भागांची शिकून केलेली तपासणी, स्वतःची तपासणी स्वतः करणं, कामाच्या जागेची शिस्त, आणि शेवटी पूर्ण स्वव्यवस्थापन. यातल्या पहिल्या तीनच आपण नीट समजून घेऊ, कारण छोट्या कारखान्यात गाडी बहुतेक इथेच अडते.

एक छोटा वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, कुठल्या प्रत्यक्ष कारखान्याचे नाहीत. 14 माणसं, 6 लेथ, वेगळं देखभाल खातं नाही. यंत्र बंद पडलं की मालक बाहेरच्या मिस्त्रीला फोन करतो. त्यातला एक जुना लेथ आपण निवडला.

पहिली पायरी, सफाई. अर्धी शिफ्ट लेथ बंद ठेवायचा आणि ऑपरेटर, हेल्पर, मिस्त्री आणि मालक अशा चौघांनी मिळून तो हाताने पुसायचा. झाडू मारून किंवा हवेच्या पाइपने उडवून भागत नाही, कारण इथे सफाई म्हणजेच तपासणी. हात फिरला की कळतं, मोटारीचा पट्टा सैल आहे, पायाचा एक बोल्ट हलतोय. हेडस्टॉकवरची तेलाची काच इतकी मळलीय की आत तेल किती आहे ते दिसतच नाही. कॅरेजच्या टोकाला असलेला फेल्टचा वायपर झिजून गेलाय, त्यामुळे चिप्स कॅरेजखाली शिरून बेड घासतायत. प्रत्येक दोषावर एक टॅग लावायचा: ऑपरेटर स्वतः दूर करू शकेल तिथे पांढरा, मिस्त्री लागेल तिथे लाल. समजा, 40 टॅग लागले. 28 पांढरे आणि 12 लाल.

या टॅगांमध्येच मूळ कल्पना आहे. बेड झिजून जॉबच्या व्यासात टेपर येतो तेव्हा ती ‘मोठी’ तक्रार होते. पण तिची सुरुवात दोन इंचाच्या फेल्टपासून झालेली असते, आणि तो फेल्ट रोज कुणाच्या नजरेसमोर असेल तर ऑपरेटरच्याच.

दुसरी पायरी, घाणीचं मूळ. सफाईनंतर लेथ चकचकीत होतो आणि चार दिवसांत पुन्हा तसाच होतो. ऑपरेटर वैतागतो आणि ते बरोबरच आहे. म्हणून विचारायचं, घाण येते कुठून? आपल्या लेथवर चिप्स आणि कूलंट उडून कॅरेजवर पडतात. पत्र्याचा एक आडोसा बसवला, नवा वायपर लावला, कूलंटच्या नळीचं तोंड वळवलं. रोजच्या सफाईला आधी 25 मिनिटं लागत होती, ती आता 10 वर आली. दुसरी पायरी पूर्ण झाली की नाही हे याच आकड्यावरून कळतं: सफाईचा वेळ घटला का?

तिसरी पायरी, नियम. काय पुसायचं, कुठे कोणतं तेल किती घालायचं, किती वेळात, हे आता लिहायचं. आणि ते ऑपरेटरने लिहायचं, कारण 10 मिनिटांत काय बसतं ते त्यालाच ठाऊक.

क्रम उलटला की काय होतं

बऱ्याच ठिकाणी सुरुवातच तिसऱ्या पायरीने होते. ऑडिट जवळ आलेलं असतं, मोठा ग्राहक ‘टीपीएम दाखवा’ म्हणतो, मग कुठूनतरी छापील तक्ता आणून यंत्रावर चिकटवतात. 18 मुद्दे, 31 रकाने, रोज खूण करायची. 25 मिनिटांचं काम 10 मिनिटांत बसत नाही, मग काम सुटतं आणि खूण तेवढी राहते.

हे ओळखायला अवघड नाही. महिन्याभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने आणि एका ओळीत केलेल्या दिसतात; यंत्र बंद होतं त्या दिवशीही ‘तेल घातलं’ अशी खूण असते. त्याहून पक्की कसोटी म्हणजे तेलाचा डबा. तक्त्याप्रमाणे महिन्याला जेवढं तेल लागायला हवं तेवढं स्टोअरमधून गेलंय का? आणि तिसरी खूण, तक्ता लागल्यापासून एकही नवा दोष नोंदला गेला नसेल, तर यंत्र सुधारलेलं नाही, बघणं थांबलंय.

खरा अडसर: ती 10 मिनिटं कुणाची

आता इतिहासाकडे परत येऊ. निप्पॉनडेन्सोची अडचण होती, देखभाल खातं अपुरं पडतंय. आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये देखभाल खातंच नाही. म्हणून आठही खांब जसेच्या तसे उचलून आणण्यात अर्थ नाही. नव्या यंत्राच्या आखणीचा किंवा कार्यालयीन टीपीएमचा खांब इथे कुणाच्या हाती द्यायचा? पण स्वायत्त देखभालीला दोन सोबती लागतातच. एक नियोजित देखभाल: लाल टॅग ठरल्या तारखेला काढायला मिस्त्री येणार का? दुसरं प्रशिक्षण: चौथ्या पायरीसाठी त्याच मिस्त्रीने ऑपरेटरला पट्टा, बेअरिंग, वंगण शिकवायचं. लाल टॅग दोन महिने तसेच लटकत राहिले तर तिसऱ्या महिन्यात कुणी पांढराही लावत नाही.

आणि मग वेळ. रोज 10 मिनिटं, महिन्याचे 26 दिवस: 260 मिनिटं, म्हणजे 4 तास 20 मिनिटं. ऑपरेटर मासिक पगारावर असेल तर हा वेळ मालकाच्या खिशातून जातो. पण मजुरी नगावर असेल, तर महिन्याला अर्ध्या शिफ्टहून जास्त काम तो फुकट करतोय, आणि वाचलेल्या दुरुस्तीचा फायदा मालकाला मिळतोय. वर तो ठेकेदाराचा माणूस असेल आणि चार महिन्यांनी बदलणार असेल, तर शिकवलेलं सगळं त्याच्याबरोबर गेटबाहेर जातं. अशा वेळी ‘ऑपरेटरमध्ये आपलेपणाच नाही’ असं अहवालात लिहिणं सोपं असतं. पण ‘जिशु’ म्हणजे स्वतःहून, आणि स्वतःहून करायच्या कामासाठी आधी स्वतःचा वेळ हातात असावा लागतो. 1969 मध्ये कायम नोकरी आणि पगारी वेळ ही जमीन आधीच होती. आपल्याकडे ती आहे का, हे आधी तपासायला हवं.

तेव्हा या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर प्रश्नावलीत ‘तुम्ही टीपीएम राबवता का?’ हा प्रश्न ठेवू नका. उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी तीन गोष्टी नोंदवा: सफाईच्या मिनिटांचे पैसे मिळतात का, लाल टॅग लागल्यापासून निघेपर्यंत किती दिवस जातात, आणि तक्ता कुणाच्या हस्ताक्षरात लिहिलाय.