स्मृतिभ्रंश : अल्झायमर व इतर प्रकार

मेंदूच्या आजारामुळे स्मृती, भाषा, दिशाभान, हिशेब, निर्णय यांपैकी एकाहून अधिक क्षमता पूर्वीपेक्षा घटतात आणि रोजचे व्यवहार एकट्याने जमेनासे होतात, तेव्हा त्या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन मांडले. त्यांची रुग्ण आउगुस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा अवघ्या ५१ वर्षांची होती. भारतात साठीपुढच्या सुमारे सात टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. स्त्रियांत, खेड्यांत आणि शाळा न पाहिलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

शाळा न पाहिलेल्यांत निदानाचीच खरी अडचण येते. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडीसारख्या गावातल्या, कधी पाटी न धरलेल्या सत्तरीच्या आजीला आजची तारीख विचारली तर ती सांगता येणार नाही. शंभरातून सात-सात वजा करणे, वाक्य लिहिणे, चित्र उतरवणे हेही जमणार नाही. प्रचलित चाचणीत ती नापास होईल, पण त्यावरून तिचा मेंदू आजारी ठरत नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणारी माणसे गावावरून कधी जातील, ज्वारी काढायला किती अवकाश आहे, हे ती बिनचूक सांगत असेल, तर तिचे कालभान शाबूत आहे. हरियाणातील बल्लभगड येथे झालेल्या अभ्यासात नेमका हाच विचार करून, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणी बेतली गेली. तिच्यात सकाळ की संध्याकाळ, ऋतू कोणता, असे प्रश्न आहेत. ‘डोळे मिटा’ ही लिखित सूचना वाचायला न देता, तपासनीस स्वतः डोळे मिटतो आणि तसेच करायला सांगतो. अशी चाचणीसुद्धा केवळ चाळणी आहे. तिच्या गुणांवर निदान ठरत नाही.

वयाबरोबर येणारा विसर आणि आजार यांतला फरक आठवण साठवण्याच्या टप्प्यावर कळतो. समजा, त्याच आजीला आंबा, खुर्ची, नाणे हे तीन शब्द सांगून तिच्याकडून म्हणवून घेतले, मग पाचेक मिनिटे पेरणीच्या गप्पा केल्या. पुन्हा विचारल्यावर दोन शब्द आले, तिसरा येईना. ‘एक फळ होतं’ म्हणताच ‘आंबा!’ असे उत्तर आले. आठवण आत आहे, बाहेर यायला वेळ लागतो. वयानुसार हे होते. नावे जिभेवर अडकतात, नवे शिकायला वेळ लागतो, पण अनुभवाचे ज्ञान व शब्दसंपत्ती टिकते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या अश्वमीन या भागाला लवकर इजा होते आणि नवी आठवण साठतच नाही. इशारा देऊन उपयोग होत नाही. शब्द सांगितले होते हेच पुष्कळदा आठवत नाही. म्हणून तोच प्रश्न दर दहा मिनिटांनी येतो, जेवून उठल्यावर ‘मला कुणी वाढलंच नाही’ अशी तक्रार होते, तर लग्नातली गोष्ट मात्र तपशीलवार सांगितली जाते. त्या जुन्या गोष्टीमुळेच घरचे निर्धास्त राहतात. पुढे शब्द सापडेनासे होतात, ओळखीच्या वाटेवर चुकायला होते, लुगडे नेसण्याचा क्रम विसरतो.

एकत्र कुटुंबात हे उशिरा उमगते, कारण म्हाताऱ्या माणसाकडे पैशाचे व्यवहार किंवा स्वयंपाक उरलेला नसतो. त्यामुळे रुग्णापेक्षा सुनेला विचारणे अधिक फलदायी: गावात वाट चुकतात का, सणवार लक्षात राहतात का, घरातल्या बोलण्यात भाग घेतात का, आणि वर्षापूर्वी हे कसे होते. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेल्या अनेक गोष्टी या उत्तरांत सापडतात.

इतर प्रकारांची सुरुवात वेगळी असते. रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारा स्मृतिभ्रंश अनेकदा अर्धांगाच्या झटक्यानंतर दिसतो आणि पायरीपायरीने उतरतो. त्यात विसरण्यापेक्षा विचारांचा मंदपणा आधी जाणवतो. पुढच्या व बाजूच्या खंडांच्या आजारात स्मृती बराच काळ ठीक राहते, पण वागणे बदलते: लाजलज्जा सुटते, आपल्या माणसाचे दुःख भिडत नाही. तो साठीच्या आतही सुरू होतो, म्हणून त्याला व्यसन किंवा वेड समजले जाते. लेवी पिंडांच्या स्मृतिभ्रंशात शुद्ध कमीजास्त होते, नसलेली माणसे किंवा जनावरे स्पष्ट दिसतात, हालचाल ताठर होते. अशा रुग्णाला भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिल्यास शरीर एकाएकी आखडून प्राणावर बेतू शकते. एकाच मेंदूत दोन प्रकार असणेही नेहमीचे.

दोन-तीन दिवसांत सुरू झालेला गोंधळ हा बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे किंवा एखादे नवे औषध हे कारण आधी शोधावे लागते. नैराश्य, थायरॉइडची कमतरता, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचा अभाव, पडल्यानंतर मेंदूवर साचलेले रक्त यांनीही स्मृती घटते आणि उपचाराने पुष्कळदा सुधारते, म्हणून रक्ततपासणी व मेंदूचे चित्रण केले जाते. अल्झायमरमध्ये डोनेपेझिलने काहींना थोडा काळ मर्यादित फायदा होतो. मळमळ, जुलाब आणि नाडी मंदावणे हे त्याचे दुष्परिणाम आहेत.