टक्क्याच्या खुणेला क्रमांक कसा लागला

संगणकाच्या पडद्यावरच्या मजकुरात %d किंवा %s दिसले की अनुवादकाला पहिली ताकीद मिळते: याला हात लावू नका. ताकीद योग्यच आहे, पण अपुरी आहे. खूण मोडायची नसते. तिची जागा मात्र अनेकदा बदलावीच लागते. ती बदलण्याची सोय मुळात नव्हती. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या बी भाषेच्या 1972च्या माहितीपुस्तिकेत `printf` आहे, आणि पुढे सी भाषेने ते घराघरांत नेले. त्याचा नियम सरळ होता: पहिल्या खुणेत पहिली किंमत, दुसरीत दुसरी. म्हणजे इंग्रजी वाक्याचा क्रम हाच किमतींचा क्रम. छापणाऱ्याला हे पुरेसे होते, भाषांतर करणाऱ्याला नाही.

मराठीत हे लगेच अडते. `%d of %d` मध्ये आधी झालेल्या फायली येतात, मग एकूण. आपण एकूण आधी सांगतो. खुणा तशाच ठेवून '%d पैकी %d' लिहिले, तर पडद्यावर '3 पैकी 10' उमटते. प्रोग्राम बंद पडत नाही, म्हणूनच ही चूक घातक. `%d messages from %s` चे '%s कडून %d संदेश' केले तर उलट घडते: 5 हा आकडा मजकुराचा पत्ता समजून प्रोग्राम त्या जागी वाचायला जातो आणि कोसळतो. यावरचा उपाय युनिक्सच्या जगात एक्स/ओपन या गटाच्या प्रमाणांतून रुजला. 1984मध्ये हा गट स्थापन करणाऱ्या बुल, सीमेन्स, ऑलिवेटी यांसारख्या युरोपीय कंपन्यांचे ग्राहक फ्रेंच, जर्मन, इटालियन बोलणारे होते. खुणेत क्रमांक घालायचा, एवढाच तो उपाय:

```
#, c-format
msgid "%d of %d"
msgstr "%2$d पैकी %1$d"
```

एका वाक्यात क्रमांकाची आणि बिनक्रमांकाची खूण मिसळायची मात्र नाही.

कोणी म्हणेल, तपासणीचे साधन आहे की. `msgfmt -c` दुसरे उदाहरण नक्की पकडते, कारण तिथे प्रकार बदलतो. पहिल्यात दोन्ही आकडेच, म्हणून ते निमूट पुढे जाते. 'मग 3/10 लिहा,' हा दुसरा आक्षेप. अरुंद बटणावर ते खरेच उत्तम: शब्द नाहीत, लांबीची चिंता नाही. पण संदेश कोणाकडून आला हे तिरप्या रेघेने सांगता येत नाही. शिवाय क्रमांकाने सामान्यरूप सुटत नाही. '%s ला' मध्ये 'पुणे' आले की 'पुणे ला' होते. तिथे 'ठिकाण: %s' अशी रचनाच बदलावी. म्हणून अनुवाद पोचता करण्यापूर्वी प्रत्येक खुणेत वेगवेगळी किंमत घालून वाक्य मोठ्याने वाचा. 3 आणि 10 घाला, 5 आणि 5 नको.