दहा हजार फुटांखालचं बोलणं

मुंबईहून रायपूरला येणारं विमान खाली उतरू लागलं की मी खिडकीतून भिलाईच्या चिमण्या शोधतो. वडील तिथल्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचे. घरी ते गप्पिष्ट होते, पण वितळलेल्या पोलादाचं भांडं क्रेनला लटकत असताना केबिनमध्ये कुणी विनोद सांगितलेला त्यांना खपत नसे. विमानाच्या कॉकपिटमध्येही असाच एक नियम आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्याला ‘स्टराइल कॉकपिट’ म्हणतात. हा नियम एका अपघातातून आला.

११ सप्टेंबर १९७४. अमेरिकेतल्या चार्ल्सटनहून ईस्टर्न एअरलाइन्सचं डीसी-९ विमान शार्लटकडे निघालं. विमानात ८२ माणसं होती. सकाळची वेळ होती आणि शार्लटच्या धावपट्टीजवळ जमिनीलगत धुकं पसरलं होतं. अशा वेळी ठरलेल्या टप्प्यांनी उतरायचं असतं: अमुक ठिकाण ओलांडेपर्यंत अमुक उंचीच्या खाली जायचं नाही. इथे ते ठिकाण होतं ‘रॉस’ नावाचा बिंदू आणि उंची होती समुद्रसपाटीपासून १,८०० फूट. विमान सहवैमानिकाच्या हाती होतं. कॅप्टनचं काम उंचीवर नजर ठेवण्याचं आणि ठरलेल्या ठिकाणी ती मोठ्यानं सांगण्याचं.

दोघे गप्पा मारत होते. राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत विषय निघाले, मतं ठाम होती आणि सूर थोडा वैतागाचा होता. पुढे एका मनोरंजन उद्यानाचा मनोरा दिसतोय का, हे ओळखण्यात काही क्षण गेले. जमिनीपासून हजार फुटांवर आल्याचा इशारा वाजला, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तो इशारा नेहमीच वाजतो, म्हणून वैमानिकांना त्याची कटकटच वाटायची. रॉस ओलांडताना विमान ठरलेल्या उंचीच्या ४५० फूट खाली होतं. तिथे उंची पुकारायची होती, ती पुकारली गेली नाही. धावपट्टीला तीनेक मैल बाकी असताना विमान जमिनीवर आदळलं. ७२ माणसं गेली. अमेरिकी विनोदकार स्टीफन कोल्बेर यांचे वडील आणि दोन भाऊ त्यांत होते.

तपास अहवालानं या अपघाताला कॉकपिटमधली शिस्त नसणं जबाबदार धरलं. हे दोघे नवशिके नव्हते आणि यंत्रांनीही दगा दिला नव्हता. म्हणूनच मला हा अपघात जास्त भीतीदायक वाटतो. गप्पांनी त्यांचे डोळे झाकले असं म्हणणं पुरेसं नाही. गप्पांनी उंची पुकारण्याची जागा घेतली. उंचीचा आकडा मोठ्यानं उच्चारला की दुसरा माणूसही तो आपल्या समोरच्या घड्याळाशी पडताळून पाहतो. त्या एका आकड्यासाठी कॉकपिटमध्ये शांतता लागते. आपण वादात रंगलो असलो की घड्याळ दिसतं, पण त्यावरचा आकडा मनात उतरत नाही.

सात वर्षांनी, १९८१मध्ये, अमेरिकी हवाई प्रशासनानं नियम केला. जमिनीवर विमान फिरवताना, उड्डाण करताना, उतरताना आणि समतल प्रवास सोडून दहा हजार फुटांखालच्या सगळ्या उड्डाणात वैमानिकांनी सुरक्षिततेशी संबंध नसलेलं काही करायचं नाही. नियमाची यादी वाचताना माणसांच्या सवयी ओळखू येतात: जेवण, अवांतर गप्पा, कामाशी संबंध नसलेलं वाचन, खालची प्रेक्षणीय स्थळं दाखवणाऱ्या घोषणा, स्वयंपाकघराच्या सामानाची मागणी. वेग कमी करणं, चाकं खाली सोडणं, नियंत्रकाशी बोलणं, आसपासची विमानं पाहणं, ही सगळी कामं याच थोड्या मिनिटांत एकमेकांवर येतात. चूक झाली तर ती सुधारायला उंचीही उरलेली नसते. आज भारतातल्या विमानांतही हा नियम पाळतात.

पण ही बंदी बोलण्यावर नाही, अनावश्यक बोलण्यावर आहे. हा फरक विसरला तर काय होतं, ते १० मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या ड्रायडन इथे दिसलं. तिथे उड्डाणापूर्वी एका हवाई सेविकेनं पंखांवर साचलेला बर्फ पाहिला होता. वैमानिकांना ते सांगणं आपलं काम नाही, असं वाटून ती गप्प राहिली. विमान कोसळलं आणि २४ जण गेले. शार्लटला नको ते बोललं गेलं होतं, ड्रायडनला हवं ते बोललं गेलं नाही.

वडिलांच्या केबिनमध्येही पूर्ण शांतता नसायचीच. खालून इशारा करणाऱ्याचं ‘थांब’ कधीही चालायचं, आणि ते कुणीही म्हणू शकत असे. वडील म्हणायचे, तेवढा एक शब्द ऐकू यावा म्हणून बाकीचे गप्प.

रायपूरजवळ विमान खाली येतं तेव्हा पुढच्या बंद दाराकडे माझी नजर जाते. आत दोन माणसं बसली आहेत. त्यांचीही ठाम मतं असतील, घरं असतील, जुन्या मोटारी असतील. पुढची काही मिनिटं ते फक्त आकडे बोलणार आहेत.