अखेरच्या दहा महिन्यांची सरासरी आणि निवृत्तिवेतनाचे गणित

सरकारी नोकरीतून निवृत्त होणाऱ्याचे मासिक निवृत्तिवेतन त्याच्या अखेरच्या पगाराच्या निम्मे असते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरते. तथापि नियमातील पूर्ण वाक्य वेगळे आहे. अखेरचे वेतन आणि अखेरच्या दहा महिन्यांच्या वेतनाची सरासरी या दोहोंपैकी जी रक्कम कर्मचाऱ्याला अधिक लाभदायक असेल, तिच्या ५० टक्के निवृत्तिवेतन द्यावे, असे ते वाक्य आहे. यातील सरासरीचा भाग अनेकदा विसरला जातो, आणि ज्याला त्याची खरी गरज असते त्याचे नुकसान होते.

केंद्रात २०२१ पर्यंत लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ मधील नियम ३३ मध्ये वित्तलब्धीची आणि नियम ३४ मध्ये सरासरी वित्तलब्धीची व्याख्या दिलेली होती. गोवा राज्य सरकारच्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील कर्मचाऱ्यांसाठीही हीच केंद्रीय नियमावली आधारभूत राहिली आहे. वित्तलब्धी म्हणजे मूळ वेतन. डॉक्टरांच्या बाबतीत व्यवसायरोध भत्ताही तिच्यात मिळवला जातो. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यांचा तिच्यात समावेश होत नाही. म्हणून हाती पडणाऱ्या एकूण पगाराच्या निम्मी रक्कम मिळेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होते. अर्थात निवृत्तिवेतनावर महागाई दिलासा स्वतंत्रपणे मिळतो.

दहा महिन्यांची ही मुदत नेहमीच नव्हती. पूर्वी निवृत्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांची सरासरी काढली जाई. पगार दरवर्षी वाढत असल्याने तीन वर्षांची सरासरी अखेरच्या पगारापेक्षा बरीच खाली राही. केंद्र सरकारने २५ मे १९७९ च्या आदेशाने सुधारित सूत्र आणले आणि मुदत दहा महिन्यांवर आली. मात्र हा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरता ठेवला गेला. त्या तारखेच्या मर्यादेला आव्हान देणाऱ्या डी. एस. नाकरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला आणि निवृत्तिवेतनधारकांची अशी विभागणी घटनाबाह्य ठरवली. घटनापीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड होते. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो, तो या निकालामुळेच.

पुढे सहाव्या वेतन आयोगानंतर दोन बदल झाले. पूर्ण निवृत्तिवेतनासाठी असलेली ३३ वर्षांच्या सेवेची अट गेली, आणि सरासरीच्या जोडीला अखेरच्या वेतनाचा पर्याय आला. नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्याची किमान १० वर्षांची अर्हताकारी सेवा झाली असेल, तर ५० टक्के दर लागू होतो. सातव्या वेतन आयोगानुसार किमान निवृत्तिवेतन दरमहा ९,००० रुपये आहे.

ज्याचे वेतन अखेरपर्यंत वाढत गेले, त्याला अखेरच्या वेतनाचा पर्यायच फायद्याचा असतो. उदाहरणार्थ, वेतन स्तर ६ मधील एक कर्मचारी ३१ ऑगस्ट २०२५ रोजी निवृत्त झाला. त्याचे दहा महिने १ नोव्हेंबर २०२४ पासून मोजले जातात. जूनपर्यंतचे आठ महिने त्याचे मूळ वेतन ६०,४०० रुपये होते आणि १ जुलैच्या वेतनवाढीने ते ६२,२०० रुपये झाले. दहा महिन्यांची बेरीज ६,०७,६०० रुपये, म्हणजे सरासरी ६०,७६० रुपये. सरासरीच्या निम्मे ३०,३८० रुपये होतात आणि अखेरच्या वेतनाच्या निम्मे ३१,१०० रुपये. दुसरी रक्कम मोठी असल्याने तीच मंजूर होते. येथे सरासरीचा उपयोग केवळ तुलनेपुरता आहे.

अखेरच्या दहा महिन्यांत वेतन खाली आले, की चित्र पालटते. विभागीय चौकशीनंतर वेतन खालच्या टप्प्यावर आणण्याची शिक्षा झाली किंवा कर्मचारी वरच्या पदावरून मूळ पदावर परत आला, तर अखेरचे वेतन हे त्या मुदतीतील सर्वांत कमी वेतन असू शकते. त्याच तारखेला, त्याच वेतन स्तरातून निवृत्त झालेला दुसरा कर्मचारी घेऊ. त्याचे मूळ वेतन ६२,२०० रुपये होते. १ जून २०२५ पासून दोन टप्पे खाली आणण्याची शिक्षा झाल्याने ते ५८,६०० रुपये झाले, आणि शिक्षेच्या काळात वेतनवाढ मिळणार नव्हती. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांचे ४,३५,४०० रुपये आणि जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे १,७५,८०० रुपये मिळून ६,११,२०० रुपये होतात. सरासरी ६१,१२० रुपये, तिच्या निम्मे ३०,५६० रुपये. अखेरच्या वेतनाच्या निम्मे मात्र २९,३०० रुपयेच भरतात. सरासरीचा पर्याय लावला नाही, तर या कर्मचाऱ्याचे दरमहा १,२६० रुपये कमी होतात.

हे नुकसान मासिक रकमेपुरते थांबत नाही. महागाई दिलासा मूळ निवृत्तिवेतनाच्या टक्केवारीत मिळतो, त्यामुळे तोही कमी होतो. निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतच्या भागाचे अंशराशीकरण करून एकरकमी रक्कम घेता येते. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी पुढील वाढदिवसाचे वय ६१ धरले जाते आणि त्या वयाचा गुणक ८.१९४ आहे. ३०,५६० रुपयांच्या ४० टक्के, म्हणजे १२,२२४ रुपयांना बाराने आणि या गुणकाने गुणल्यास सुमारे १२ लाख २ हजार रुपये येतात. २९,३०० रुपयांवर हीच रक्कम सुमारे ११ लाख ५२ हजार भरते. सुमारे ५० हजारांचा हा फरक एका रकान्यातील चुकीने पडतो.

दहा महिन्यांत रजा वा निलंबन आले असेल, तर गणना अधिक काळजीने करावी लागते. रजावेतन देय असलेल्या रजेच्या काळात कर्मचारी कामावर असता तर जे वेतन त्याला मिळाले असते, तेच सरासरीसाठी धरले जाते. म्हणून अर्धवेतनी रजेमुळे सरासरी खाली येऊ नये. निलंबनानंतर सेवेचा कोणताही भाग न गमावता कर्मचारी पुन्हा रुजू झाला असेल, तर त्यालाही हाच नियम लागू होतो. विनावेतन असाधारण रजेचा नियम वेगळा आहे. ती मुदत हिशेबातून पूर्णपणे वगळायची आणि तितकीच मुदत दहा महिन्यांच्या आधीच्या काळातून घ्यायची. सेवा म्हणून धरली न जाणारी निलंबनाची मुदतही याच रीतीने वगळली जाते.

वरच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याने मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये असाधारण रजा घेतली होती असे समजू. नियमानुसार हे दोन महिने सोडून सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२४ हे महिने घ्यावे लागतील. त्या महिन्यांतही वेतन ६२,२०० रुपये असल्याने सरासरी ६१,१२० रुपये आणि निवृत्तिवेतन ३०,५६० रुपये कायम राहते. मात्र आकारणी करणाऱ्याने रजेचे महिने शून्य धरून बेरजेला दहाने भागले, तर सरासरी ४८,६८० रुपयांवर येते आणि तिच्या निम्मे २४,३४० रुपये होतात. मग अखेरच्या वेतनावरील २९,३०० रुपयेच अधिक लाभदायक दिसतात आणि तेच मंजूर होतात. कागदावर दोन्ही पर्याय तपासल्याची नोंद असते, मोठा आकडा निवडलेला असतो, आणि चूक सहजी नजरेस येत नाही. उरलेल्या आठ महिन्यांच्या बेरजेला आठने भागणे हेही चूकच आहे. त्या रीतीने सरासरी ६०,८५० रुपये येते आणि निवृत्तिवेतन १३५ रुपयांनी कमी बसते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सरासरीवर चालत नाही. तो अखेरच्या वित्तलब्धीवर, महागाई भत्ता मिळवून होतो. अखेरच्या दहा महिन्यांत वेतन शिक्षेव्यतिरिक्त अन्य कारणाने कमी झाले असेल, तरच तेथे सरासरी धरली जाते. त्यामुळे शिक्षा झालेल्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतनात सरासरीचे संरक्षण मिळते, पण ग्रॅच्युइटी ५८,६०० रुपयांच्या आधारेच मिळते. विनंतीवरून मूळ पदावर परतलेल्याची ग्रॅच्युइटी मात्र सरासरीच्या आधारे काढली जावी.

आकारणी बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी निवृत्तिवेतन आकारणीचे पत्रक आणि सेवापुस्तक शेजारी ठेवून पाहावे. पत्रकात दहा महिन्यांची सुरुवातीची तारीख, प्रत्येक कालखंडाचे मूळ वेतन आणि सरासरी वेगवेगळी लिहिलेली असते. सुरुवातीची तारीख रजेच्या प्रमाणात मागे गेली आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर वेतनवाढीच्या व वेतन घटल्याच्या तारखा सेवापुस्तकाशी जुळतात का, हे तपासावे. कार्यालयप्रमुखाला या वेतनाची शहानिशा निवृत्तीपूर्वीच्या २४ महिन्यांपुरतीच करता येते. एकदा अंतिमतः मंजूर झालेले निवृत्तिवेतन, लिपिकीय चूक उघडकीस आल्याखेरीज, कर्मचाऱ्याचे नुकसान होईल असे बदलता येत नाही. कमी आकारणी झाली असल्यास, सेवापुस्तकातील नोंदींच्या प्रतीसह दुरुस्तीचा अर्ज पूर्वीच्या कार्यालयप्रमुखाकडे करावा. तेथून प्रस्ताव लेखा कार्यालयाकडे जातो आणि सुधारित निवृत्तिवेतन प्रदान आदेश निघतो.

हे सारे जुन्या योजनेतील कर्मचाऱ्यांचे झाले. सार्वजनिक बँकांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन विनियमांतही दहा महिन्यांचीच सरासरी आहे, परंतु तेथे पूर्ण दरासाठी ३३ वर्षांची सेवा लागते आणि ती कमी असल्यास निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत सरासरी १२ महिन्यांची धरली जाते आणि ५० टक्के दरासाठी २५ वर्षांची सेवा आवश्यक आहे. त्यामुळे सहकाऱ्याच्या पत्रकाशी आपले पत्रक ताडून पाहण्यापूर्वी दोघांची योजना एकच आहे याची खात्री करावी.