शीर्षकपानावरचं गाव

मागच्या व्याख्यानात आपण शीर्षकपानाकडे एक पुरावा म्हणून पाहिलं. आज त्या पानाच्या तळाशी असलेली एकच ओळ घेऊ : गाव, प्रकाशक, साल. तळटीप लिहिताना ती नुसती उतरवून घ्यायची, असं आपल्याला वाटतं. पण त्या ओळीत दोन गावं असतील तर? किंवा एकही नसेल तर?

कार्ल मार्क्सच्या ‘दास कापिटाल’चा पहिला खंड १८६७चा. त्याच्या शीर्षकपानावर हॅम्बर्ग आणि प्रकाशक ओटो माइस्नर आहे. त्याखाली न्यूयॉर्क आणि एल. डब्ल्यू. श्मिट हे नाव, त्याच्या पत्त्यासकट, आहे. शिवाय आत मुद्रकाचं नाव सापडतं, ओटो विगांड, लाइपझिग. म्हणजे एका पुस्तकाला तीन शहरं झाली. यातलं प्रकाशनस्थळ कोणतं?

इथे प्रत्येकाने काय केलं ते विचारायचं. माइस्नरने पुस्तक काढलं. हस्तलिखित द्यायला मार्क्स स्वतः एप्रिल १८६७मध्ये हॅम्बर्गला गेला होता. श्मिट अमेरिकेत त्याची विक्री करणार होता. विगांडने फक्त छापून दिलं. तेव्हा लाइपझिग हे मुद्रणस्थळ झालं, प्रकाशनस्थळ नव्हे. थोडक्यात द्यायचं तर ‘हॅम्बर्ग : माइस्नर, १८६७’ पुरतं. पण पुस्तक अमेरिकेत कसं पोचलं हा तुमचा विषय असेल तर ‘हॅम्बर्ग : माइस्नर, न्यूयॉर्क : श्मिट, १८६७’ असं पूर्ण लिहा. ज्याचं गाव त्याच्या नावाशीच राहिलं पाहिजे. ‘हॅम्बर्ग आणि न्यूयॉर्क : माइस्नर’ लिहिलंत, की माइस्नरची अमेरिकेत शाखा होती असा भलताच इतिहास तयार होतो.

एकच प्रकाशक आणि पुढे लंडन, न्यूयॉर्क, टोरंटो अशी रांग असेल, तर ते वेगळं प्रकरण. त्या बहुधा एकाच घराच्या कचेऱ्या असतात. तिथे पहिलं गाव घेतलं की झालं.

आता उलटी अडचण पाहू. व्होल्टेअरचं ‘कांदीद’ १७५९ साली आलं, तेव्हा शीर्षकपानावर गाव नाही, प्रकाशक नाही, लेखकाचं खरं नावही नाही. डॉक्टर राल्फ नावाच्या कुणाच्या जर्मन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, एवढंच तिथे म्हटलंय. पुस्तकावर कारवाई होणार हे उघड होतं आणि ती झालीही. म्हणजे इथलं गाव राहून गेलेलं नाही, मुद्दाम लपवलेलं आहे. शिवाय त्याच वर्षी डझनाहून जास्त आवृत्त्या वेगवेगळ्या गावांतून निघाल्या. अभ्यासकांनी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि २९९ पानांची आवृत्ती जिनिव्हाच्या क्रामेर बंधूंची पहिली, असं ठरवलं.

ही प्रत हातात असेल तर ‘[जिनिव्हा] : [क्रामेर], १७५९’ असं लिहायचं. चौकोनी कंसाचा अर्थ असा, की हे पुस्तकात नाही, बाहेरच्या पुराव्यावरून मी घातलंय. गडबड होते ती इथेच. ‘कांदीद म्हणजे जिनिव्हा’ एवढं ध्यानात ठेवून माणसं १७५९च्या कुठल्याही प्रतीला जिनिव्हा चिकटवतात. आपल्या प्रतीची पानं आधी मोजा. ती जुळत नसतील आणि दुसरा पुरावा नसेल, तर ‘[स्थळ नाही]’ लिहा. ते गाळू मात्र नका. जागा कोरी ठेवली तर पुस्तकात गाव नव्हतं की तुम्ही पाहिलं नाही, हे वाचकाला कळत नाही.

मराठी पुस्तकांकडे येताना पुन्हा १८६७च आठवायचं. त्या वर्षीच्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याने ब्रिटिश मुलखात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणाचं ठिकाण देणं सक्तीचं झालं, आणि पुस्तक प्रकाशित होत असेल तर प्रकाशक आणि त्याचं ठिकाणही. म्हणून जुन्या पुस्तकात मुद्रक एका गावचा आणि प्रकाशक दुसऱ्या गावचा असे दोन पत्ते दिसतात. तळटिपेत जातो तो प्रकाशकाचा. मुद्रकाचाच पत्ता असेल तर ‘मुद्रण : मुंबई’ असं स्पष्ट म्हणावं. लेखकाने पदरमोड करून काढलेल्या छोट्या पुस्तकात बऱ्याचदा तेवढंच मिळतं.

पान फाटलेलं असेल तरी एक वाट उरते. याच कायद्यानुसार नोंदलेल्या पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या प्रांताच्या सरकारी गॅझेटात छापल्या जात. त्यात मुद्रण आणि प्रकाशनाची ठिकाणं, पानं, प्रतींची संख्या आणि किंमत असे. तिथे सापडलेलं गावही चौकोनी कंसातच जातं. मर्यादा एवढीच, की नोंद न झालेलं पुस्तक या यादीत मिळत नाही, आणि बडोद्यासारख्या संस्थानात किंवा पोर्तुगीज गोव्यात छापलेल्या पुस्तकांना हा कायदा लागू नव्हता. तिथे यादीत नाव नाही म्हणून पुस्तक निघालंच नाही, असं म्हणता येत नाही.