अडीचशे की पाचशे? मोदिग्लियानी आणि मिलर यांची दुरुस्ती

१९५८ साली मोदिग्लियानी आणि मिलर यांनी मांडलं की, कर नसेल तर कंपनीचं मूल्य तिच्या कमाईवर ठरतं. भांडवलात कर्ज किती, याने ते बदलत नाही. कर्ज हवंच असेल तर भागधारक ते त्याच दराने स्वतःच काढेल. मग कंपनीला त्यासाठी जादा किंमत कोण देईल?

पण कर आला की चित्र बदलतं, कारण व्याज करपात्र नफ्यातून वजा होतं. आपण सोपे आकडे घेऊ. कायमचं कर्ज १,००० डॉलर, व्याज ५ टक्के, कर ५० टक्के. व्याज ५०, म्हणजे दरवर्षी कर वाचला २५. या बचतीचं आजचं मूल्य किती? १९५८च्या लेखात ती धंद्याच्या कमाईइतकीच जोखमीची धरली होती. तो दर १० टक्के घेतला, तर उत्तर २५०. १९६३मध्ये दोघांनीच दुरुस्ती छापली: ही बचत व्याजाइतकीच खात्रीची, म्हणून दर ५ टक्केच हवा. उत्तर ५००, म्हणजे कर्ज गुणिले कराचा दर.

मात्र त्यासाठी दरवर्षी व्याजाला पुरेल इतका नफा हवा. तोट्याच्या वर्षी करच नाही, मग वाचणार काय?