हॅमिल्टनचं ‘अपॉन’

अलेक्झांडर हॅमिल्टन १८०४ साली द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि मागे एक भांडण ठेवून गेला. १७८७-८८ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख आले होते. अमेरिकेची नवी राज्यघटना लोकांनी स्वीकारावी म्हणून ते लिहिले होते. लिहिणारे तिघं होते: हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. कुठला लेख कुणाचा, याची यादी हॅमिल्टनने मरण्यापूर्वी करून ठेवली होती. मॅडिसनची यादी १८१८ मध्ये छापून आली. दोन्ही यादींमध्ये १२ लेखांवर दोघांचाही हक्क होता.

पुढे दीड शतक इतिहासकार भांडत राहिले. ‘हा विचार मॅडिसनचाच’, ‘नाही, ही हॅमिल्टनची भूमिका’ असं चालायचं. पण दोघं एकाच बाजूने, एकाच नावाने, एकाच हेतूने लिहीत होते. मुद्द्यांवरून माणूस ओळखायचा कसा?

१९४१ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर या तरुण संख्याशास्त्रज्ञाने सहकाऱ्याबरोबर वाक्यं मोजली. कुणाची वाक्यं लांब, ते बघू म्हणाले. सरासरी निघाली हॅमिल्टनची ३४.५५ शब्द आणि मॅडिसनची ३४.५९. म्हणजे फरक एका शब्दाच्या पंचविसाव्या भागाचा! काम तिथेच थांबलं.

ते पुन्हा सुरू झालं १९५९ मध्ये, डग्लस अडेर या इतिहासकाराने एक बारीक गोष्ट लक्षात आणून दिल्यावर. ‘जेव्हा’ किंवा ‘तर दुसरीकडे’ अशा अर्थाने हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो आणि मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस कामाला लागले. सुरुवातीला शब्द कागदाच्या पट्टीवर टाइप करून, चिठ्ठ्या कापून मोजायचे. कुणी दार उघडलं की चिठ्ठ्या खोलीभर उडायच्या. शेवटी त्यांनी ३० शब्द निवडले. त्यातला हुकमी शब्द होता ‘अपॉन’, म्हणजे आपलं साधं ‘वर’. इंग्रजीत ‘ऑन’ लिहूनही तेच काम होतं. हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेकदा ‘अपॉन’ लिहितो, मॅडिसन पाच हजारांत एखाद्या वेळी. वादग्रस्त १२ लेखांत हा शब्द जवळजवळ नाहीच. १९६४ च्या पुस्तकात दोघांनी बाराच्या बारा लेख मॅडिसनच्या पदरात टाकले. सर्वांत कच्चा पुरावा ५५ क्रमांकाच्या लेखाचा होता, आणि तोही मॅडिसनच्या बाजूने ८० ला १.

‘अपॉन’ का सापडतो आणि ‘स्वातंत्र्य’ का नाही? कारण ‘स्वातंत्र्य’ हा शब्द विषय ठरवतो. ‘अपॉन’ कुणीच ठरवत नाही, तो हातातून आपोआप पडतो. मराठीत ‘पण’, ‘परंतु’ आणि ‘मात्र’ यांतलं तुम्ही काय किती वेळा लिहिता, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणून नक्कल करणाराही ते उचलत नाही. पु.लं.ची नक्कल करणारा कोट्या करतो. त्यांचे ‘पण’ कुणी मोजत बसत नाही.

भाषा-मॉडेल मात्र नेमकं तेच मोजतं. आतापर्यंतचा मजकूर बघून पुढचा शब्द कुठला यायची किती शक्यता, एवढाच त्याचा हिशेब. गप्पा मारणारं नेहमीचं मॉडेल असंख्य लोकांच्या लिखाणावर तयार होतं, आणि मग माणसांच्या पसंतीनुसार त्याला घासूनपुसून एक आवाज दिला जातो. नीटस, सभ्य, समतोल, थोडा उपदेशकी. मशीनचा मजकूर पकडणारे डिटेक्टर हाच आवाज ओळखायला शिकलेले असतात. काही डिटेक्टर बघतात की प्रत्येक शब्द मॉडेलच्या दृष्टीने किती अपेक्षित होता. काहींना माणसांच्या आणि मशीनच्या मजकुराचे ढीग दाखवून फरक शिकवलेला असतो. ‘हे कुणी लिहिलं’ हा प्रश्न ते विचारतच नाहीत. ‘हे त्या ओळखीच्या आवाजासारखं वाटतं का’, एवढंच विचारतात. २०२३ मध्ये अशाच डिटेक्टरने खुद्द अमेरिकेची राज्यघटना मशीनने लिहिलेली ठरवली होती. तो मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणात इतक्यांदा आलेला की त्यातला प्रत्येक शब्द त्याला अपेक्षितच वाटतो.

आता समजा, नेहमीच्या मॉडेलला सांगितलं, ‘हॅमिल्टनसारखा लेख लिही.’ ते जुने भारदस्त शब्द आणेल, संघराज्याचा विषय आणेल. म्हणजे नकलाकार जे उचलतो तेच. आतले शक्यतांचे आकडे मुळात तेच राहतात आणि घासलेला आवाज खालून ऐकू येतो.

फाइन-ट्यूनिंगमध्ये ते आकडेच बदलतात. हॅमिल्टनचे लेख घ्यायचे, त्यांचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यात काय म्हटलंय याचा साधा गोषवारा तयार करायचा. मग मॉडेलला गोषवारा देऊन मूळ तुकडा लिहायला लावायचं. ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ येऊ शकेल अशा जागी मॉडेलने ‘ऑन’ला जास्त वजन दिलं आणि मुळात ‘अपॉन’ असलं, की आतली वजनं किंचित सरकवायची. लाखभर शब्दांत, हजारी तीनच्या हिशेबाने, असा ‘अपॉन’ तीनेकशे वेळा समोर येतो. हे फक्त त्या एका शब्दाचं नाही. प्रत्येक स्वल्पविरामाला, वाक्याच्या प्रत्येक वळणाला हीच दुरुस्ती होते. मॉस्टेलर-वॉलेसना ३० शब्द निवडावे लागले. इथे निवड नाही, सगळंच मोजलं जातं. जो आवाज डिटेक्टर शोधतो, तो या सरकवासरकवीत पुसला जातो.

२०२५ मध्ये तुहिन चक्रवर्ती, जेन गिन्सबर्ग आणि परमवीर ढिल्लन यांनी हे पुरस्कारप्राप्त लेखकांवर करून पाहिलं. साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे होते. नुसतं सांगून लिहून घेतलेले ९७ टक्के उतारे डिटेक्टरने पकडले. लेखकाच्या पुस्तकांवर फाइन-ट्यून केलेल्या मॉडेलचे पकडले गेले फक्त ३ टक्के. सर्जनशील लेखनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या वाचकांनी पहिल्या प्रकारचे उतारे नाकारले होते, दुसऱ्या प्रकारचे मात्र माणसांनी लिहिलेल्यांपेक्षा पसंत केले. एका लेखकामागे खर्च साधारण ८१ डॉलर. गिन्सबर्ग कॉपीराइट कायद्याच्या प्राध्यापक आहेत, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेत ‘न्याय्य वापर’ ठरवताना मूळ पुस्तकाच्या बाजारावर काय परिणाम होतो हे न्यायालय बघतं, आणि ८१ डॉलर हा आकडा त्या प्रश्नाला थेट भिडतो. माझ्या मते त्या अभ्यासातला तो सर्वांत अस्वस्थ करणारा आकडा आहे, ३ टक्क्यांपेक्षाही.

मर्यादा आहेतच. उतारे छोटे होते; तीस पानं एक युक्तिवाद धरून ठेवणं ही वेगळी परीक्षा आहे. शिकवायला मजकूर कमी असला आणि तोच पुन्हा पुन्हा दाखवला, तर मॉडेल मूळ वाक्यं जशीच्या तशी ओकायला लागतं. ते मूळ पुस्तकाशी ताडून लगेच कळतं. ढब लेखकाची आली तरी तपशील खरे येतीलच असं नाही. आणि डिटेक्टरलाही असेच उतारे दाखवून नव्याने शिकवता येतं; फक्त प्रत्येक लेखकागणिक मॉडेलचा आवाज वेगळा, म्हणून शिकवणाऱ्याची दमछाक जास्त.

उद्या न्यूयॉर्कमधल्या कुणी ‘पब्लियस’चा शहाऐंशीवा लेख सापडल्याचं सांगत टाइप केलेली प्रत पुढे केली, तर ती तीस शब्दांची यादी बिनदिक्कत हॅमिल्टनकडे बोट दाखवेल. तेव्हा विचारावं लागेल की मूळ कागद कुठे आहे, शाई कुठली, आणि १७८८ च्या कुणाच्या पत्रात या लेखाचा उल्लेख आहे का.